वहीतले ४६,८०० आणि फोनमधले ४१,३००



मागच्या उन्हाळ्यात आमच्या सूनबाईंना गावातलंच एक काम मिळालं. एरवी तिची कामं पुण्या-मुंबईची असतात. ती घरी बसून लोकांच्या आकड्यांचे तक्ते बनवून देते आणि त्यालाच डॅशबोर्ड म्हणते. या वेळी गिऱ्हाईक होत्या आमच्या शिरड शहापूरच्याच एक ताई. त्या हळद आणि मिरची दळून, पाकिटं भरून गावात, औंढ्याला, वसमतला आणि हिंगोलीला मिळून चौदा दुकानांना देतात. माल उधारीवर जातो आणि पैसे सवडीने येतात. ताईंचा प्रश्न एकच होता, "कोणाकडे किती राहिलेत, ते मला उभ्या उभ्या फोनवर दिसायला हवं."

सूनबाईंनी गुगल शीटमध्ये तीन पानं केली. पहिलं 'नोंद', त्यात तारीख, दुकान, प्रकार आणि रक्कम असे चारच रकाने. माल दिला की एक ओळ, पैसे आले की एक ओळ. प्रकारात 'माल' किंवा 'जमा' निवडायचं. दुसरं पान 'याद्या', त्यात दुकानांची नावं. तिसरं 'गोषवारा', तिथे प्रत्येक दुकानासमोर बाकी आपोआप दिसते. तिथलं सूत्र असं:

```
=SUMIFS('नोंद'!D:D,'नोंद'!B:B,A2,'नोंद'!C:C,"माल")
 -SUMIFS('नोंद'!D:D,'नोंद'!B:B,A2,'नोंद'!C:C,"जमा")
```

म्हणजे या दुकानाला दिलेला सगळा माल, वजा त्यांच्याकडून आलेले सगळे पैसे. आपली खतावणीच ती. मी बी.कॉम. केलं तेव्हा हेच हाताने करायचो.

मी एकच अट घातली होती. "अगं, पहिला महिनाभर त्यांना वही सोडायला सांगू नकोस. दोन्ही चालू दे." सूनबाई म्हणाली, "आई, दुप्पट काम होईल त्यांना." होणारच होतं. पण त्या महिन्यानेच आम्हाला वाचवलं.

महिनाअखेरीस ताई वही घेऊन आल्या. वहीत एकूण उधारी ४६,८०० रुपये. फोनमध्ये ४१,३००. साडेपाच हजारांचा फरक! ताई रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "मग मी कोणाला किती मागू?" मला तो प्रश्न फार लागला. फोनवर विश्वास ठेवून त्यांनी वसुली केली असती तर साडेपाच हजार दुकानदाराकडेच राहिले असते, आणि कमी मागितलं म्हणून कोणी दुकानदार होऊन सांगायला येत नाही.

फरक थेट ५,५०० चा, म्हणून मी ती रक्कम 'नोंद' पानावर शोधली. सापडली. माल दिलेला, दुकानाचं नावही बरोबर. मग हिशेबात का नाही? सूनबाईंनी त्या घरात बोट ठेवलं तर नावाच्या शेवटी एक मोकळी जागा होती. फोनच्या कीबोर्डने सुचवलेला शब्द आपण निवडला की तो पुढे जागा सोडतो. आपल्या डोळ्याला नाव तेच, पण सूत्राच्या लेखी ते वेगळं दुकान. आणि त्या वेगळ्या दुकानाची गोषवाऱ्यात ओळच नाही. कुठे चूक दाखवली जात नाही, रक्कम मुकाट्याने गळते.

नावं यादीतून निवडायची सोय होती की! पण ती सोय लावताना Show a warning असं ठेवलं होतं. चुकीचं नाव आलं की घराच्या कोपऱ्यात लाल त्रिकोण येतो एवढंच, नोंद मात्र होते. ताईंना तो त्रिकोण म्हणजे नक्षी वाटली. सूनबाईंनी तिथे Reject the input केलं. आता यादीबाहेरचं नाव घरात बसतच नाही. प्रकाराच्या रकान्यालाही तेच केलं.

मग मी म्हटलं, "तेरीज कुठाय तुझी?" खतावणी झाली की आपण तेरीज मांडून बेरजा जुळवतो, तशी इथेही हवी. गोषवाऱ्याच्या वरच तिने एक घर केलं:

```
=SUMIFS('नोंद'!D:D,'नोंद'!C:C,"माल")
 -SUMIFS('नोंद'!D:D,'नोंद'!C:C,"जमा")-SUM(B2:B15)
```

सगळ्या नोंदींची बाकी, वजा चौदा दुकानांच्या बाकीची बेरीज. उत्तर शून्य आलं पाहिजे. हे घर पहिल्या दिवशी असतं तर तिथे ५,५०० दिसले असते. पण तेरजेची मर्यादाही तीच आहे, जी आम्हाला कॉलेजात शिकवली होती. औंढ्याच्या दुकानाचे पैसे वसमतच्या नावावर टाकले, किंवा नोंद करायचीच राहिली, तर शून्य शून्यच राहतं. म्हणून महिन्यातून एकदा प्रत्येक दुकानदाराच्या वहीशी बाकी ताडून पाहायची. त्याला दुसरा उपाय नाही.

आता राहिलं समजावणं. सूनबाईंनी अकरा पानांची माहितीपुस्तिका लिहिली होती, कोणतं सूत्र कुठे आणि का. ती तिच्यासारख्या जाणकारासाठी ठेवली, पुढे कोणाला दुरुस्ती करावी लागली तर. ताईंसाठी मी एकच पान लिहिलं. रोज काय भरायचं, नवं दुकान जोडलं तर 'याद्या' आणि 'गोषवारा' दोन्हीकडे ओळ कशी वाढवायची, आणि वरचं घर शून्य नसेल तर काय पाहायचं. ते पान शीटमध्येच पहिलं लावलं, आणि एक छापील प्रत चक्कीशेजारी.

शिकवणी तीन बैठकींत झाली, दिवे लागायच्या आत जेवणं उरकल्यावर. पहिल्या दिवशी सूनबाई फोन स्वतःच्या हातात घेऊन भराभर दाखवत होती आणि ताई "हो, हो" म्हणत होत्या. मी फोन ताईंच्या हातात दिला तेव्हा कळलं की काहीच पोचलं नव्हतं. मग नियम केला, बोट ताईंचं, तोंड आपलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आदल्या आठवड्याच्या खऱ्या नोंदी स्वतः भरल्या. तिसऱ्या दिवशी आम्ही त्यांना न सांगता एका दुकानाची ओळ गोषवाऱ्यातून काढून ठेवली. वरच्या घरात ३,२०० दिसले. ताई थोडा वेळ बघत राहिल्या, मग पान वाचलं, मग बाहेर न बघता म्हणाल्या, "हिंगोलीचं एक दुकान गेलंय इथून." तेव्हा मी सूनबाईंकडे बघून मान हलवली.

शेवटी फाइलची मालकी ताईंच्या खात्यावर केली. मालक झाल्यावर त्यांना काहीही बदलता येतं, म्हणून सूत्रांच्या घरांवर कुलूप न लावता बदलण्याआधी इशारा येईल असं ठेवलं. महिनाभर दुरुस्ती फुकट आणि नंतर पैसे, हेही कागदावर लिहून दिलं. शेजारच्या माणसाशी असं लिहून घ्यायला संकोच वाटतो, पण न लिहिलेल्यानेच शेजार बिघडतो.

ताईंनी वही अजून सोडलेली नाही. महिन्यातून एकदा जुळवायला काढतात. परवा दारावरून जाताना फोन वर करून दाखवला. वरच्या घरात शून्य होतं.