टेबलावरचा चुरमुरा

बारामतीतल्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी टेबलावर एक चुरमुरा ठेवला आणि माझी मुलगी त्याचं काय करते ते बघत बसले. ती तेव्हा बारा महिन्यांची होती. तिनं पंजा पसरला, भाकरी थापल्यासारखा चुरमुऱ्यावर ठेवला आणि अख्खा हात स्वतःकडे ओढला. चुरमुरा खाली पडला. दुसरा ठेवला, तोही तसाच गेला. तिसऱ्या वेळी डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "हात बांधून ठेवता की काय हिचे घरी?" दार उघडंच होतं. बाहेर बाकावर दहा-बारा बायका पोरं घेऊन बसल्या होत्या, आणि त्यातल्या दोघी आमच्या गावच्या.

याला दीड वर्ष झालं. ते वाक्य अजून जात नाही. एक तर ते सगळ्यांसमोर बोलले. आणि दुसरं म्हणजे ते खरं होतं.

आमचं घर इंदापूर तालुक्यात, माहेर बारामती. उष्टावण सहाव्या महिन्यात झालं, मामानं खीर चाटवली, सगळं रीतसर. त्यानंतर तायडीला भरवायचं म्हणजे मांडी घालून तिला आडवी घ्यायची, तिचा एक हात माझ्या काखेत, दुसरा माझ्या डाव्या हातात, आणि उजव्या हातानं नाचणीचं सत्त्व नाहीतर वरणभात. आत्याबाईंनी त्यांची चार पोरं अशीच वाढवली. दहा मिनिटांत वाटी रिकामी, फरशी कोरडी. मला त्याचा अभिमानच होता. जावेचा मुलगा भिंतीला भात लावायचा, ते बघून मी नाक मुरडायचे.

त्या दिवशी दवाखान्यातून परतताना एसटीत बसून मी फक्त हिशेब करत होते. साधारण नवव्या-दहाव्या महिन्यापासून अंगठा आणि तर्जनी जवळ यायला लागतात. आधी सगळी बोटं मिळून वस्तू खरवडतात, मग अंगठा तर्जनीच्या कडेला दाबतो, आणि वर्षाच्या आसपास दोन्हींची टोकं टोकाला लागतात. आपण त्याला चिमूट म्हणतो. मीठ घालायला, कुंकू लावायला, सुई धरायला लागते ती. आमच्या पोरीचे ते तीन महिने माझ्या काखेत गेले होते. आशाताई नवव्या महिन्याला घरी आल्या होत्या, त्यांनी विचारलंही होतं, "स्वतः काही उचलून खाते का?" मी म्हणाले, "हो, खाते की." खोटं बोलले. का, ते अजून कळत नाही.

डॉक्टरांनी औषध दिलं नाही. स्नायूंत दोष दिसत नाही, संधी द्या, दोन महिन्यांनी आणा, एवढंच. संधी कशी द्यायची ते मला बारामतीच्याच एका फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीनं सांगितलं. तिनं पहिल्यांदा तायडीचे पाय बघितले. लोंबकळणारे पाय असतील तर मुलाचं सगळं बळ तोल सांभाळण्यात जातं, हाताला काही उरत नाही. म्हणून बुटका पाट, पाठीला भिंत, तळवे फरशीला टेकलेले. मग बर्फाचा ट्रे. उकडलेल्या गाजराचा मऊ तुकडा ताटात ठेवला की ती पंजा मारायची. तोच ट्रेच्या खड्ड्यात ठेवला की पंजा आत जातच नाही, बोटंच घालावी लागतात. एका वेळी तीनच तुकडे, जास्त दिले की दोन्ही हातांनी उधळण. गाजर, लाल भोपळा, दाबून चपटा केलेला वाटाणा, दुधात भिजवलेली पोळी. तुकडा माझ्या दोन बोटांत सहज चिरडला गेला तरच तिला द्यायचा.

आणि तोंड पुसायचं नाही. हे सगळ्यात अवघड. मी दर घासाला ओला फडका फिरवायचे आणि तायडी फडका बघूनच मान वळवायची. मला वाटायचं, हिला जेवण नको आहे. तिला फडका नको होता. जेवण संपल्यावर एकदाच पुसायला लागले, तेव्हा मान वळवणं आठ दिवसांत थांबलं.

सांडू द्या, असं सांगणारे सगळे बिनधास्त सांगतात. फरशी पुसायची कुणी? उन्हाळ्यात आमच्याकडे नळाला दिवसाआड पाणी. डाळिंबाच्या बागेवर घालतात त्या क्रॉप कव्हरचा कोरा तुकडा मी पाटाखाली अंथरायचे. कोराच, कारण वापरलेल्यावर फवारणी बसलेली असते. तो अंगणात झटकला की कोंबड्या उरलेलं टिपायच्या. तीन जेवणांपैकी एकच जेवण तिच्या हातानं, बाकी दोन मी भरवायचे. त्यात कमीपणा मानू नका.

बाविसाव्या दिवशी, पडवीत डाळिंबांची प्रतवारी चालली होती. एक फळ फुटलं, दाणे विखुरले. तायडी रांगत गेली, तर्जनी पुढे काढली, अंगठा आणला, आणि एक दाणा उचलला. टोकाला टोक. तो निसटता, गुळगुळीत दाणा! मी "अगं बाई" म्हणेपर्यंत तो तोंडात गेला आणि ठसका लागला. आत्याबाई धावल्या, टाळूवर फुंकर घालायला लागल्या, दीर म्हणाले बोट घालून काढ. मी बोट घातलं नाही. चेहरा लाल होता, खोकल्याचा आवाज येत होता, म्हणजे हवा जात होती. बोट घातलं असतं तर दाणा आणखी आत गेला असता. तिला पुढे झुकवून धरलं, दोन खोकल्यांत दाणा बाहेर. आवाज बंद झाला असता, ओठ निळे पडले असते, तर पालथी मांडीवर घेऊन, डोकं खाली ठेवून खांद्यांच्या मधोमध तळहातानं पाच थापा, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर उताणी करून छातीच्या मध्यावर पाच दाब, हे मैत्रिणीनं वर्षाच्या आतल्या बाळासाठी शिकवून ठेवलं होतं. तायडीला नुकतंच वर्ष पूर्ण झालेलं, मी तेच मनात घोकत होते. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं आमच्या घरात आता उंच फळीवर असतात.

गंमत अशी की ज्या चिमटीसाठी मी बावीस दिवस रडले, ती आल्यावर मला तिची भीतीच वाटायला लागली. मुंगी, गोळीचं वेष्टन, ठिबकच्या नळीचा बारका तुकडा, आता सगळं तिच्या टप्प्यात.

चमच्याची गोष्ट थोडक्यात सांगते. तो चौदाव्या महिन्यात दिला. मूल चमचा मुठीत धरतं आणि मनगट वळवता येत नाही, त्यामुळे भरलेला चमचा ओठाशी येऊन उलटा होतो. दोष मुलाचा नसतो, वरणाचा असतो. घट्ट मुगाची खिचडी, चक्क्यासारखं दही, शिरा, असं चिकटणारं दिलं की उलट्या चमच्यातूनही काहीतरी तोंडात जातं. आखूड, जाड दांड्याचे दोन चमचे घ्यायचे. एक तिच्या हातात, दुसरा मी भरून ठेवायचा आणि अदलाबदल करायची. वाटीखाली ओला फडका, म्हणजे ती सरकत नाही. पहिले पाच-सहा घास भुकेच्या वेळी तिचे, मग मी. चमचा फेकला की जेवण संपलं. दीड वर्षापर्यंत अर्धं सांडायचंच. दुसऱ्या वाढदिवशी तिनं वाटीभर खिचडी एकटीनं संपवली, आणि दुसऱ्या दिवशी चमच्यानं अंगणात माती उकरत बसली.

आता ती अडीच वर्षांची आहे. आमटीत भाकरी कुस्करून हातानंच खाते, घरात सगळे तसंच खातात. डॉक्टर बरोबर होते, हे मी कुणालाही सांगते. तरी पुढच्या खेपेला मी तायडीला दुसऱ्या दवाखान्यात नेणार आहे.