सादळलेला तांदूळ आणि भिजलेला कॅमेरा

संपादकांचा फोन आला, "पावसात कॅमेरा कसा जपायचा ते लिहा, पण सोपं लिहा." मी कॅमेरे दुरुस्त करणारा माणूस. स्क्रू उघडल्याशिवाय मला सोपं बोलता येत नाही. तरी प्रयत्न करतो, कारण आषाढात आलेला एक कॅमेरा अजून डोक्यातून जात नाही.

आमचं तळेगाव ढमढेरे वेळ नदीकाठचं, पण पर्जन्यछायेतलं. इथल्या पावसाने कॅमेरा क्वचितच बिघडतो. बिघडतो तो घाटात नेल्यावर. लग्नांचे फोटो काढणारा एक तरुण माळशेजला गेला होता. गाडीत एसी चालू, कॅमेरा मागच्या सीटवर. घाटात उतरून त्याने कॅमेरा बाहेर काढला आणि काच पांढरी झाली. बाहेरची हवा पंचवीस-सव्वीस अंश, वाफेने भरलेली. कॅमेरा वीस-बावीस अंशांवर. गार तांब्याला बाहेरून पाणी सुटतं तसंच हे. त्याने काय करावं, तर लेन्स काढून आतून पुसली! म्हणजे तीच दमट हवा गार आरशापर्यंत पोचवली. खरं तर कॅमेरा गाडीतच प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून मग बाहेर काढायचा आणि अर्धा-पाऊण तास थांबायचं. दव पिशवीवर धरतं, कॅमेऱ्यावर नाही.

मग पाऊस आला. त्याने पिशवीला भोक पाडून लेन्स बाहेर काढली आणि हूडवर रबर बँड लावला. हे उत्तम केलं. पिशवीचं तोंड खालून मोकळं ठेवलं, हेही बरोबर, नाहीतर हाताच्या घामाने आत वाफ कोंडते. पण झूम करताना लेन्सची नळी पुढे येते, तिच्यावर थेंब पडले, आणि न पुसता त्याने ती मागे घेतली. नळी आत-बाहेर होते तेव्हा भात्यासारखी हवा ओढते, हवेबरोबर पाणीही. आधी सुती कापडाने नळी पुसायची, मगच आत घ्यायची. एवढं एक वाक्य लोकांनी लक्षात ठेवलं तर माझा निम्मा धंदा बसेल.

संध्याकाळी घरी येऊन त्याने "चालतोय का" म्हणून बटण दाबलं. चालला. मग बॅटरी काढून कॅमेरा तीन दिवस तांदळात पुरला.

आता तांदळाबद्दल बोलतो, संपादक कापतील तर कापोत. आषाढात आपल्या घरात काय काय सादळतं? पापड, मीठ, चिवडा. कोठीतला तांदूळ वेगळा आहे का? त्यात मुळातच बारा-चौदा टक्के पाणी असतं, पावसाळी हवेत आणखी थोडं. जो स्वतः सादळलाय तो दुसऱ्याला काय कोरडं करणार? शिवाय त्याची पिठूळ भुकटी बटणांच्या फटीत शिरते. मी ती चिमट्याने काढतो आणि मनात बोलतो ते इथे लिहिता येत नाही.

हिशेब बघा. कॅमेऱ्यात चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅम पाणी शिरलं असं धरा. दहा लिटरच्या डब्यातली हवा तीस अंशांना जेमतेम तीन दशांश ग्रॅम वाफ धरते, मग सुकणं थांबतं. ती वाफ सतत काढून घेणारं काही हवं. ते म्हणजे सिलिका जेल. नारंगी दाण्यांची घ्या, ओल पिऊन ती हिरवी होते. पाव किलो जेल, झाकण घट्ट बसणारा डबा, बॅटरी आणि कार्ड बाहेर, लेन्स वेगळी, दोन-तीन दिवस. हिरवी झाली की शंभर ते एकशेवीस अंशांच्या ओव्हनमध्ये तापवून परत वापरा. हेअर ड्रायर नको, तो पाणी आणखी आत ढकलतो.

पण खरा घात झाला होता बटण दाबताना. पाणी आणि वीज एकत्र आली की तांब्याच्या रेषा झिजू लागतात, हिरवट पांढरी पूड जमते. मुख्य बॅटरी काढली तरी तारीख-वेळ राखणारी छोटी बॅटरी पुष्कळ कॅमेऱ्यांत आतच असते, तिचा प्रवाह चालूच राहतो. म्हणून तांदळातले तीन दिवस नुसते वाया गेले नाहीत, तर घातक ठरले. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठलेले असतात, तेव्हा घरी उघडू नका, लवकर दाखवा.

बंद पडलेला कॅमेरा माझ्याकडे आल्यावर मी बोर्ड शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलने, मऊ ब्रशने धुतला. कॅमेरा चालू झाला. "झाला!" म्हणून ऐटीत परत दिला. दोन महिन्यांनी तो पुन्हा बंद पडला, एका चिपच्या खाली राहिलेल्या ओलीमुळे. ती मला दिसली नव्हती. तरुण काही बोलला नाही, तेच जास्त लागलं.

आता भिजलेला कॅमेरा दुरुस्त झाला तरी मी आठ दिवस डब्यात ठेवतो, रोज चालू करून बघतो. गिऱ्हाईक कुरकुरतं. कुरकुरू दे.