उधारीची वही

सध्या जो तो पोरांना सांगतोय, नोकरी मागू नका, धंदा करा. करा की! पण त्याआधी आमची गोष्ट ऐका.

2000 साली कॉलेजच्या गेटसमोर मी आणि माझ्या एका दोस्ताने चहाची टपरी टाकली होती. गाडा, स्टोव्ह, ग्लास असे तीन हजार त्याचे. पहाटे पाचला उठून चहा करायचं काम माझं. लिहून काहीच ठेवलं नाही. दोस्तीत कसलं आलंय लिहिणं!

दोन रुपये कप, रोजचे दीडशे कप. म्हणजे विक्री 300. दूध 72 रुपये, साखर-चहापावडर-रॉकेल 78. खर्च 150, नफा 150. आम्ही एकदम खूश.

आठवड्याने दूधवाला 432 रुपये मागायला आला. गल्ल्यात होते 132.

मी म्हणालो, "तू पैसे काढलेस." तो म्हणाला, "गल्ल्यावर तर तूच बसतोस!"

चोरी कुणीच केली नव्हती. 300 पैकी रोख यायचे 140 आणि 160 वहीत, होस्टेलच्या पोरांच्या नावावर. त्यांचे पैसे गावाकडून महिन्याला यायचे, दूधवाल्याला मात्र दर आठवड्याला लागायचे. रोखीतून सामानाचे 78 गेले, आम्ही खिशाला 20-20 घेतले, की उरायचे 22. सहा दिवसांचे 132. हिशेब बरोब्बर होता, फक्त आमचा नफा वहीत अडकला होता. पहिल्याच संध्याकाळी दुधाचे 72 बाजूला काढायला बसलो असतो, तर हातात 62च आहेत हे तेव्हाच कळलं असतं.

मग खरं भांडण निघालं. तो म्हणे, भांडवल माझं, मला जास्त वाटा. मी म्हणे, पहाटे मी उठतो, मला आधी पगार. दिवाळीच्या सुट्टीत टपरी बंद झाली. त्याने गाडा नेला, मी वही. वहीतले निम्मे पैसे कधी आलेच नाहीत. आमचं बोलणंही थांबलं.

पुढे पत्रकारितेत आलो, कोर्टाच्या बातम्या करू लागलो. एका वकिलांनी 1932 चा भागीदारी कायदा दाखवला. आपसात काही ठरलेलं नसेल, तर नफा-तोटा सारखा वाटायचा, मग भांडवल कुणाचंही कितीही असो. आणि काम केलं म्हणून भागीदाराला पगारही मागता येत नाही. म्हणजे आम्ही दोघंही चुकीचं भांडत होतो! दोघांना हवं होतं ते मिळू शकलं असतं, पण सुरुवातीलाच ठरवलं असतं तरच.

काल त्याच गेटवर दोन पोरं चहा विकताना दिसली. आता क्यूआर कोड आहे, पण शेजारी उधारीची वहीही आहे. मी विचारलं, "काही लिहून ठेवलंय का रे?" दोघं हसले. "काका, आम्ही दोस्त आहोत."

मग तिथेच उभं राहून कागदावर चार ओळी लिहायला लावल्या. कुणाचे किती पैसे, कामाचे किती, उधारी कुठपर्यंत आणि एकाला सोडायचं झालं तर गाडा कुणाचा. सह्या होईपर्यंत दोनदा वाद झाला. बरं झालं, दूधवाला यायच्या आधी झाला.

आणि मित्रा, हे वाचत असशील तर फोन कर. वही अजून माझ्याकडेच आहे.