दोनशे रुपयांची बाटली

माझी जुनी शंभर सीसीची गाडी घरघरायला लागली, म्हणून दुकानदाराच्या सांगण्यावरून इंजिन ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी बाटली ओतली. आवाज खरंच कमी झाला. पण आठवड्याभरात शाळेच्या चढावर इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी सरकेना.

मेकॅनिक हसला. "सर, ही कारची दवा. कारचा क्लच बहुतेक कोरडा असतो. आपला त्याच ऑइलमध्ये बुडालेला. प्लेटाच घसरल्या तर चाक कशानं फिरणार?"

ते ऑइल काढून डब्यावर 'जासो एमए' लिहिलेलं नवं भरलं. हळूहळू पकड परत आली. प्लेटा जळाल्या नव्हत्या, हे नशीब. पेट्रोलमधल्या क्लीनरचंही विचारलं. म्हणाला, "कार्ब्युरेटरचा जेट पुरता बुजला तर उघडूनच साफ करावा लागतो."

घरघर अजून आहे. चेन सैल होती म्हणे.