झिजायचं कुणी?

जुन्या भिंतीत पाणी असतंच. जमिनीतली ओल जोत्याच्या दगडांमधल्या दर्जांतून वर चढते, विटांत मुरते आणि जिथून वाट मिळेल तिथून वाफ होऊन निघून जाते. वाईतल्या आमच्या वाड्याच्या भिंती पावसाळ्यात गुडघाभर उंचीपर्यंत काळवंडतात, दिवाळीनंतर फिकट होत जातात आणि शिमग्याच्या सुमारास पुन्हा कोरड्या पडतात. वाडा पेशवाईतला आहे. पेशवाई संपली 1818 मध्ये, आणि जोसेफ अ‍ॅस्पडिनने इंग्लंडमध्ये पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं ते 1824 मध्ये. म्हणजे या भिंती उभ्या राहिल्या तेव्हा सिमेंट अजून जन्मायचं होतं. ओल थोपवायची असते ही कल्पनाच त्या बांधणीत नाही. ओल यावी आणि जावी, एवढीच सोय त्यात आहे.

माझ्या लहानपणी कधीतरी सोप्याच्या भिंतीला खालून कमरेएवढा सिमेंटचा गिलावा करून घेतला गेला. तेव्हा सगळेच तसं करत. चुन्याचे पोपडे दरवर्षी पडत, केरसुणीला पांढरी भुकटी लागे, आणि सिमेंट म्हणजे कायमचा इलाज असं सगळ्यांना मनापासून वाटे. काही वर्षं भिंत अगदी नेटकी दिसली. मग ओलीची रेघ सिमेंटच्या पट्ट्याच्याही वर, छातीच्या उंचीवर उमटली. खाली वाट बंद झाली, म्हणून पाण्याने वरची शोधली होती.

दुरुस्ती काढली तेव्हा म्हाताऱ्या गवंड्यांनी, ज्यांना सगळी आळी आबा म्हणते, आधी कशालाच हात लावला नाही. हातोडीच्या दांड्याने भिंत वाजवत ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. वर चुन्यावर भरीव आवाज येत होता. सिमेंटवर बहुतेक ठिकाणी पोकळ. एका कडेला त्यांनी छन्नी आडवी सारली, तशी ताटाएवढी खपली अखंड निघून आली. तिला तडासुद्धा गेला नव्हता. तिच्या पाठीला मात्र विटेचा तांबडा थर चिकटून आलेला, आणि मागे उघडी पडलेली वीट बोटाने उकरली तरी गळत होती. त्या लाल भुकटीत पांढऱ्या, केसाइतक्या बारीक सुया दिसत होत्या. हाच लोणा.

"ताई, भिंत मऊ हाय," आबा म्हणाले. "तिला कडक लावलं की तीच मरती."

जमिनीतलं पाणी सोबत क्षार घेऊन चढतं. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात आणि त्यांचे स्फटिक बनतात. स्फटिक वाढताना आजूबाजूच्या बारीक छिद्रांच्या भिंतींवर दाब देतात, आणि ते जिथे वाढतात तिथला पदार्थ हळूहळू पीठ होतो. प्रश्न एवढाच की ते वाढतात कुठे. वरचा गिलावा चुन्याचा असेल तर पाणी त्यातून सहज बाहेर येतं, वाफ त्याच्या पृष्ठभागाजवळ होते, क्षार गिलाव्यात साचतात आणि गिलावा झिजतो. गिलावा सिमेंटचा असेल तर पाणी त्याच्या पाठीशी अडतं, आणि स्फटिक विटेच्या पोटात वाढतात. सिमेंटमध्ये स्वतःचेही काही विरघळणारे क्षार असतात, त्यांची भर वेगळीच. शिवाय माती आणि चुन्यात बांधलेली भिंत उन्हापावसात किंचित हलते. चुना त्या हालचालीबरोबर थोडा वाकतो. सिमेंट ताठ राहतं आणि विटेवरून सुटतं, किंवा विटेचा पापुद्रा घेऊन सुटतं.

म्हणून जुन्या घराच्या दुरुस्तीत कोणता माल जास्त मजबूत, हा प्रश्न विचारायचाच नसतो. भिंत आणि गिलावा मिळून एक जोडी असते, आणि त्या जोडीत कुणीतरी झिजणार हे ठरलेलं असतं. झिजणारा तो असावा जो पुन्हा लावता येतो. गिलावा विटेपेक्षा मऊ हवा आणि पाण्याला वाट देण्यात विटेपेक्षा सढळ हवा. मेळ म्हणतात तो हा.

हा मेळ साधायचा तर आधी जुना माल वाचावा लागतो. वरच्या भागातला, सिमेंट न लागलेला चुन्याचा एक खडा आम्ही घेतला, वाळवला, फोडून शंभर ग्रॅम वजन केलं आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला. फसफसून चुना विरघळला आणि तळाशी वाळू आणि विटेचे बारीक तुकडे उरले. धुऊन वाळवून ते भरले साधारण पंचाहत्तर ग्रॅम. विरघळलेले पंचवीस ग्रॅम म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडी झालेला चुना. तो मूळच्या लगद्याच्या मापात मोजला तर एक भाग चुन्याला दीड-पावणेदोन भाग वाळू-सुरखी असं प्रमाण येतं. एकास तीन हे जे प्रमाण सर्रास सांगितलं जातं, त्यापेक्षा हे बरंच चुनाळ आहे. उलगडा सोपा आहे. जुने कारागीर बऱ्याचदा माप कळीच्या चुन्याचं घेत, आणि कळी विझताना फुलून जवळजवळ दुप्पट होते. पोत्यातल्या तयार पुडीला तेच एकास तीन लावलं तर गिलावा कमजोर होतो आणि दोष चुन्याच्या माथी जातो. ही आम्लाची तपासणी कोकणात समुद्राच्या वाळूत केलेल्या कामाला मात्र लावू नये. त्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो आणि तोही चुन्याबरोबर विरघळून हिशेब चुकवतो.

कळी पाण्यात टाकली की क्षणभर काही होत नाही. मग खडे तडकू लागतात, पाणी खदखदून उकळतं आणि वाफेचा लोट उठतो. डोळ्यांना चष्मा आणि हातांना मोजे असल्याशिवाय जवळ जाऊ नये. उडालेला एक थेंब डोळा घालवू शकतो. निवलेला लगदा चाळून पिंपात भरला आणि वर चार बोटं पाणी ठेवून झाकून टाकला. असा तो महिनोन्महिने राहिला तरी बिघडत नाही, उलट मुरत जातो आणि लोण्यासारखा होतो. घाई केली तर न विझलेले कण आत राहतात. ते पुढे भिंतीवर विझतात, फुगतात आणि गिलाव्यावर फुटकुळी फोडतात. खळग्याच्या मधोमध पांढरा ठिपका दिसला की चूक विझवण्यातली होती हे ओळखावं.

लगदा मुरत असताना भिंत वाळत होती. सगळं सिमेंट कडेकडेने, बारीक छन्नीने काढलं. लोणा कोरड्या ब्रशने झाडला. पाण्याने धुतला असता तर तो विरघळून परत आत गेला असता. अंगणातली भिंतीला भिडवलेली सिमेंटची फरशी वीतभर मागे कापली, पागोळीचं पाणी जोत्यापासून दूर वळवलं. हे न करता लावलेला चुनाही वाया गेला असता, कारण गळक्या पन्हळीवर चुना हा उपाय नाही. पार गळलेल्या विटा काढून त्या जागी पडक्या भिंतीतल्या जुन्याच विटा बसवल्या.

काम धरलं दसऱ्यानंतर. चुन्याला हवा लागते आणि ओलही लागते, म्हणून मुसळधार पाऊस नको आणि वैशाखाचं ऊनही नको. एक भाग लगदा, एक भाग धुतलेली जाड-बारीक वाळू आणि पाऊण भाग सुरखी. सुरखी कमी भाजलेल्या विटेची हवी. त्या मातीतली सिलिका चुन्याशी जुळते आणि हवा कमी पोचते अशा ओलसर जागीही गिलावा धरतो. हल्लीच्या कडक भाजलेल्या विटेच्या भुकटीत तो गुण फारसा उरत नाही. मिश्रणात आबांनी वरून पाणी घालू दिलं नाही. लाकडी दांडक्याने कुटत राहिलं की लगद्यातलंच पाणी सुटतं आणि माल सैल होतो. पाणी ओतलेला गिलावा वाळताना आकसतो आणि त्याला जाळीदार चिरा पडतात.

आदल्या दिवशी भिंत भिजवली. पहिला थर करणीने फेकून मारला, बोटाच्या पेराहून जाड नाही, आणि ओला असतानाच त्यावर तिरक्या रेघा ओढल्या. दुसरा थर पहिला नखाने दबेनासा झाल्यावरच. दर्जा त्याआधीच खोल खरवडून भरल्या होत्या. वरून ओली गोणपाटं टांगली आणि दिवसातून दोन-तीनदा नुसता फवारा. चुना फार लवकर वाळला तर घट्ट होण्याआधीच कोरडा पडतो आणि हात फिरवला की भुकटी लागते.

चुना घट्ट किती झाला हे डोळ्यांना दिसत नाही. नमुन्यासाठी बाजूला थापलेली वडी मोडून तिच्या ताज्या कडेवर मी फिनॉल्फथॅलीनचे थेंब टाकले. आतला भाग गर्द गुलाबी झाला आणि बाहेरची जेमतेम नखाएवढी कड पांढरी राहिली. गुलाबी म्हणजे अजून चुनाच, पांढरी म्हणजे दगड झालेला. महिन्यामागून महिने ती पांढरी कड आत सरकते. म्हणून नव्या भिंतीवर लगेच खिळा ठोकू नये, आणि प्लॅस्टिकचा रंग तर कधीच लावू नये. त्याचा पापुद्रा सिमेंटसारखीच वाट अडवतो. आम्ही दुधाइतक्या पातळ चुन्याचे चार-पाच हात दिले, प्रत्येक हात आधीचा ओलसर असताना.

या भिंतीला सिमेंटसारखा निर्धास्तपणा नाही. दर दोन-तीन वर्षांनी चुना मारावा लागेल, आणि जोत्यालगतचा हातभर गिलावा क्षार पिऊन कधीतरी पडेल. तो पडावा म्हणूनच लावला आहे. तेव्हा जो कुणी ही भिंत दुरुस्त करील त्याला छन्नी घ्यावी लागणार नाही. करणीच्या टोकाने गिलावा खरवडला जाईल, आणि मागची पातळ, तांबडी वीट जशी बांधली तशी त्याच्या हाती लागेल.