पिशवीवरचे चार शब्द



आमच्या पाठशाळेच्या खोलीत दर रविवारी खेळण्यांचं वाचनालय भरतं. पुस्तकं नेतो तशी खेळणी न्यायची, पंधरा दिवस खेळायची, परत आणायची आणि दुसरी न्यायची. कल्पना आमची नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसला मंदीच्या काळात, १९३५ साली, मुलांना खेळणी उसनी द्यायला सुरुवात झाली होती. आमचं वाचनालय जेमतेम दीड वर्षाचं, आणि पहिल्या चार महिन्यांतच ते बंद पडायला आलं होतं. त्यात मोठा वाटा होता आमच्याच घोषवाक्याचा.

प्रत्येक खेळणं आम्ही एका कापडी पिशवीत देतो. पिशवीवर खेळण्याचं नाव, मुलाचं वय, तुकड्यांची संख्या आणि खाली घोषवाक्य. पहिलं घोषवाक्य माझंच : "विकत कशाला? घेऊन जा!" मला ते फार चटपटीत वाटलं होतं. दोन महिन्यांत साठपैकी सतरा खेळणी परतच आली नाहीत. एका वहिनींना फोन केला तर त्या म्हणाल्या, "अहो, घेऊन जा असं तुम्हीच लिहिलंय ना? आम्हाला वाटलं वाटप आहे." त्यांचं काय चुकलं? मंदिराच्या आवारात वह्या वाटतात, फळं वाटतात. तिथे "घेऊन जा" याचा दुसरा अर्थ कोण लावेल?

मग दुसरं केलं : "जुन्या खेळण्यांना नवं घर." पुढच्याच रविवारी दाराशी पोती येऊन पडली. चाक नसलेल्या गाड्या, केस उपटलेल्या बाहुल्या, अर्धेच पत्ते. लोकांनी माळे रिकामे केले होते. तीन तास निवडून कामाची निघाली नऊ खेळणी. बाकीचं आम्हालाच टाकावं लागलं. ज्या कचऱ्यासाठी एवढा खटाटोप मांडला, तोच आमच्या हातून बाहेर गेला. शिवाय "घर" म्हटलं की वस्तू कायमची तिथली झाली. घरातून कोण परत पाठवतं?

सासूबाईंनी सुचवलं, "अपरिग्रहाचा पहिला धडा." वाक्य मला मनापासून आवडलं. पण शेजारची एक तरुण आई हसून म्हणाली, "मावशी, मला पोराला खेळायला आणायचंय, प्रवचनाला नाही." तेही पटलं.

तेव्हा आम्ही चौघीजणी बसलो आणि चांगलं वाक्य शोधणं सोडून त्याचं काम काय, ते आधी ठरवलं. पिशवी पंधरा दिवस घरात खुंटीला लटकते. तेव्हा तिने परत करायची आठवण द्यायला हवी. दुसरं, परत करताना मुलं रडतात आणि ते रडणं नको म्हणून आया येणंच टाळतात. मुलाला वाटतं, खेळणं गेलं म्हणजे खेळ संपला. एकीने "आता दुसऱ्याची पाळी" असं सुचवलं. आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि हसत ते खोडलं! शेवटी पिशवीवर आलं :

"खेळणं परत, खेळ सुरू."

छापण्याआधी ते पाच-सहा जणींना नुसतं दाखवलं आणि विचारलं, "हे वाचून तुम्ही काय कराल?" सगळ्यांनी "परत आणू" असंच सांगितलं. पहिल्या दोन वाक्यांच्या वेळी एवढं विचारलं असतं तर सतरा खेळणी वाचली असती.

वाक्याप्रमाणे टेबलावरची पद्धतही बदलली. मूल पिशवी देतं, त्याच्यासमोर तुकडे मोजतो आणि लगेच तेच हात दुसरी पिशवी निवडतात. मध्ये रिकामा वेळ नाही. पूर्वी आधी नोंदवही, पावती, मग खेळणं असं चालायचं आणि तेवढ्यात रडू फुटायचं. परवा चार वर्षांच्या एका मुलाने चोवीस तुकड्यांचं कोडं आणलं, मोजले तर तेवीस. तो स्वतःच म्हणाला, "एक सोफ्याखाली आहे." आई घरी जाऊन घेऊन आली.

सगळं श्रेय चार शब्दांचं नाही. त्याच सुमारास आम्ही दोनशे रुपये अनामतही सुरू केली. आणि घोषवाक्य काही खेळणी धूत नाही. प्लॅस्टिकचे ठोकळे साबणाच्या पाण्यातून काढावे लागतात. लाकडी खेळणी भिजवली तर फुगतात, म्हणून ती ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवतो. कापूस भरलेली आतून नीट वाळत नाहीत, म्हणून घेतच नाही. नवख्या माणसाला नुसत्या या ओळीवरून काही कळतही नाही. म्हणून वर मोठ्या अक्षरात "खेळण्यांचं वाचनालय" ठेवलंय. वाचनालयातली वस्तू परत करायची असते, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे.

त्या सतरांपैकी सहा आता परत आली आहेत. एक तर वहिनींनी स्वतः धुऊन, नव्या पिशवीत घालून आणली.