पखालीतली आसवं

नगर, रविवार संध्याकाळ

प्रिय सखे,

भाऊजींना जाऊन आज सतरा दिवस झाले. तेराव्याला आले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, आपल्याला धड बोलता आलं नाही. परवा फोनवर तू म्हणालीस, ‘रडले तर म्हणतात सावर स्वतःला, नाही रडले तर म्हणतात दगड झालीय.’ तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. रात्री एक स्तोत्र आठवलं. तू आमच्या धर्माची नाहीस, म्हणून ते नुसतं सांगून थांबत नाही. कुठल्या प्रसंगातलं आहे तेही लिहिते.

छप्पन्नावं स्तोत्र, आठवी ओळ. त्यात दावीद देवाला म्हणतो की माझी वणवण तू मोजून ठेवली आहेस, आता माझी आसवं तुझ्या पखालीत साठव. आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखं विचारतो की तुझ्या वहीत ती टिपलेली असतीलच ना?

स्तोत्राच्या मथळ्यात लिहिलंय की पलिष्ट्यांनी दाविदाला गथ गावी धरलं तेव्हाचं हे. मथळे मागाहून जोडले असावेत, असं बरेच अभ्यासक मानतात. पण ज्याने जोडला त्याला ही ओळ कुठे शोभते ते नेमकं कळलं होतं. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात, एकविसाव्या अध्यायात ती हकिगत आहे. शौल राजा जिवावर उठला म्हणून दावीद एकटाच पळाला. वाटेत नोब गावच्या याजकाने त्याला भाकरी दिली आणि तिथे ठेवलेली गल्याथाची तलवार दिली. ती घेऊन तो गेला कुठे, तर गथला, गल्याथाच्याच गावात! तिथल्या राजाच्या चाकरांनी त्याला ओळखलं. मग जीव वाचवायला त्याने वेडाचं सोंग घेतलं, वेशीच्या दारांवर ओरखडे काढले, दाढीवर लाळ गाळली. गल्याथाला लोळवणारा वीर तो हाच. एवढी लाज निघाल्यावरची ही ओळ आहे.

आता शब्द बघ. हिब्रूत वणवणीला ‘नोद’ म्हणतात आणि कातडी पखालीलाही जवळजवळ तसाच उच्चार असलेला शब्द आहे. कवीने दोन्ही एका ओळीत मुद्दाम आणले आहेत: माझी ‘नोद’ तू मोजलीस, माझं रडं तुझ्या ‘नोद’मध्ये ठेव. जितकी पायपीट, तेवढीच साठवण. तसंच ‘मोजणं’ आणि ‘वही’ हेही तिथे एकाच धातूचे शब्द आहेत.

काही प्रवचनांत ऐकशील की ही पखाल म्हणजे थडग्यांत सापडतात तसल्या आसवांच्या काचेच्या इवल्या कुप्या. ते खरं नव्हे. तसल्या कुप्या रोमन काळातल्या, म्हणजे दाविदाच्या खूप नंतरच्या, आणि त्यांत बहुतेक सुगंधी तेलं असत. पखालीचा हा हिब्रू शब्द बायबलात इतरत्र येतो तो दूध नाहीतर द्राक्षारस भरलेल्या कातडी पिशवीसाठी. वाटसरू खांद्यावर टाकून नेतो ती. कोरड्या मुलखात तिच्यातला एक थेंबही कोणी सांडू देत नाही. दाविदाने आपल्या रडण्याला दिलेली किंमत ही एवढी आहे. शोभेची कुपी नव्हे, प्रवासात जपायची पखाल.

भाऊजी का गेले, याचं उत्तर या ओळीत नाही. पुढे सगळं बरं होईल, असंही तिथे म्हटलेलं नाही. ‘रडू नकोस’ तर नाहीच नाही. कोणीतरी मोजतंय, एवढंच आहे.

म्हणून मला तुझी ती दोनशे पानी वही आठवली. आठ महिने तू तीत रोज लिहीत होतीस: कुठली गोळी किती वाजता, लघवी किती, ताप किती, आज दोन घास जास्त खाल्ले. इस्पितळ ते घर, घर ते औषधांचं दुकान, पुन्हा इस्पितळ. तू त्यांची वणवण मोजलीस. तुझी कोणी मोजली नाही. तेराव्याला ती वही कपाटावर पालथी पडलेली पाहिली. ‘आता काय उपयोग, रद्दीत टाकते’ म्हणालीस.

टाकू नकोस. पुढच्या शनिवारी सकाळच्या एसटीने येतेय, दोन दिवस राहीन. वही काढून ठेव. पहिल्या पानापासून वाचू. रडू आलं तर मी ‘सावर’ म्हणणार नाही.

तुझीच,
शाळेतली बाकावरची